पदवी नसताना सीआयएसएसपी: अनुभवाचे महिने कसे मोजायचे, कागद कसे जमवायचे

माझा मावसभाऊ डोंबिवलीला राहतो. बारावी सायन्स, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट, मग हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स आणि तिथून थेट नोकरी. २०२३च्या गणपतीत तो घरी आला तेव्हा ऐरोलीच्या एका सिक्युरिटी ऑपरेशन सेंटरमध्ये शिफ्ट करत होता. त्याच्या टीम लीडची जागा रिकामी होणार होती आणि जाहिरातीत सीआयएसएसपी हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र मागितलं होतं. तो म्हणाला, "ताई, आपल्याकडे डिग्री नाही, म्हणजे तो विषयच संपला ना?"

विषय संपलेला नव्हता. मी स्वतः पॉलिटेक्निकच्या डिप्लोमावर कामाला लागले आणि हे प्रमाणपत्र अनुभवाच्या जोरावरच मिळवलं. गेली काही वर्षं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वित्तसंस्थेत माहिती सुरक्षेचं काम करते. भावासारखी मुलं मला सतत भेटतात. काहींना वाटतं पदवीशिवाय दारच बंद आहे. काहींना वाटतं आठ-नऊ वर्षं नोकरी झाली म्हणजे पात्रता आपोआप आली. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दुसरा जास्त महागात पडतो. म्हणून भावाचंच उदाहरण घेऊन सगळं सांगते.

पदवीची किंमत इथे बारा महिने

सीआयएसएसपी देणारी संस्था आयएससी-टू. तिची मुख्य अट अशी: माहिती सुरक्षेची आठ क्षेत्रं ठरलेली आहेत, त्यांना डोमेन म्हणतात. त्यांपैकी किमान दोन डोमेनमध्ये मिळून पाच वर्षांचा, म्हणजे ६० महिन्यांचा, पगारी अनुभव हवा. या अटीत पदवी कुठेही सक्तीची नाही.

पदवी असेल तर एक वर्ष माफ होतं. ती संगणकशास्त्र, आयटी किंवा त्याला लागून असलेल्या विषयातली हवी, त्यामुळे बीकॉम किंवा बीए असलेल्यांनी ही सूट गृहीत धरू नये. पदवी नसणाऱ्यांसाठीही तेवढ्याच सुटीची एक वाट आहे. संस्थेने मान्य केलेल्या प्रमाणपत्रांची यादी असते, त्यातलं एखादं तुमच्याकडे असलं तरी एक वर्ष माफ. भावाकडे कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस होतं आणि त्याने अर्ज केला तेव्हा ते यादीत होतं. ही यादी अधूनमधून बदलते, म्हणून केवळ सुटीसाठी एखादी परीक्षा द्यायची असेल तर पैसे भरायच्या दिवशीची यादी isc2.org वर स्वतः पाहा. क्लासवाल्याच्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

सूट एकदाच मिळते. पदवी आहे आणि प्रमाणपत्रही आहे म्हणून दोन वर्षं माफ होत नाहीत. त्यामुळे हिशेबाचे आकडे दोनच: सूट नसेल तर ६० महिने, असेल तर ४८.

नोकरीची वर्षं नाही, कामाचे महिने मोजा

इथे खरी मेहनत आहे. भाऊ म्हणाला होता, "नऊ वर्षं झाली की मला." जुलै २०१४ पासून तो काम करत होता, म्हणजे दिवस मोजले तर बरोबरच. पण संस्था विचारते की त्यातले किती महिने या आठ डोमेनच्या कामात गेले.

नियम सोपा आहे. आठवड्याला किमान ३५ तास, असे चार आठवडे काम केलं की पूर्णवेळ अनुभवाचा एक महिना जमा होतो. ऐरोली-महापे पट्ट्यात बारा-बारा तासांच्या शिफ्ट करणारी मुलं विचारतात की जादा तासांचे जादा महिने मिळतात का. नाही मिळत, एका महिन्याचा एकच महिना धरला जातो. अर्धवेळ कामासाठी वेगळं माप आहे. आठवड्याला २० ते ३४ तासांचं काम असेल तर तास मोजतात: १,०४० तास म्हणजे सहा महिने, २,०८० तास म्हणजे एक वर्ष. इंटर्नशिपही चालते, बिनपगारी असली तरी, पण तिचं कंपनीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर पत्र लागतं.

आता कोणतं काम डोमेनमध्ये बसतं? आठही डोमेनची नावं पाठ करत बसण्यापेक्षा आपल्या रोजच्या कामाकडे बघा. फायरवॉलचे नियम टाकणं, व्हीपीएन सांभाळणं, नेटवर्कचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवणं हे कम्युनिकेशन अँड नेटवर्क सिक्युरिटीमध्ये येतं. अलर्ट तपासणं, घटना हाताळणं, बॅकअप आणि पॅचिंग हे सिक्युरिटी ऑपरेशन्स. कोणाला कुठला प्रवेश द्यायचा, नोकरी सोडणाऱ्याचा ॲक्सेस कधी काढायचा, दर तिमाहीला याद्या तपासायच्या, हे आयडेंटिटी अँड ॲक्सेस मॅनेजमेंट. डेटा सेंटरच्या दारावरची कार्ड प्रणाली चालवणाऱ्यांना हे माहीत नसतं, पण प्रत्यक्ष प्रवेशाचं नियंत्रणही याच डोमेनचा भाग आहे. व्हल्नरेबिलिटी स्कॅन आणि ऑडिटची कामं असेसमेंट अँड टेस्टिंगमध्ये जातात. धोरणं लिहिणं, जोखमीचे आढावे घेणं, कर्मचाऱ्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण देणं हे सिक्युरिटी अँड रिस्क मॅनेजमेंट.

प्रिंटर जोडणं, विंडोज टाकणं, माउस बदलून देणं यात येत नाही. त्यात अधूनमधून पासवर्ड रिसेट केले म्हणून तीन वर्षांची हेल्पडेस्कची नोकरी ॲक्सेस मॅनेजमेंट होत नाही. काही जण ती तशी लिहितात. माझं स्पष्ट मत आहे की लिहू नये. अर्जाखाली तुम्ही संस्थेच्या आचारसंहितेवर सही करता आणि खोटं निघालं तर परीक्षा पास होऊनही प्रमाणपत्र हातचं जातं. शिवाय तुमच्या अर्जाला दुजोरा देणाऱ्या माणसाची मानही त्यात अडकलेली असते.

भावाचा हिशेब

आम्ही दोघं एका रविवारी वही घेऊन बसलो. परीक्षा ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस द्यायची, असं धरून तिथपर्यंतचे महिने मोजले.

पहिली नोकरी लोअर परळच्या एका निर्यात कंपनीत, डेस्कटॉप सपोर्ट. जुलै २०१४ ते डिसेंबर २०१६, म्हणजे ३० महिने. त्यातला एकही महिना धरला नाही. तो जरा नाराज झाला, पण त्या अडीच वर्षांत सुरक्षेचं म्हणावं असं काम नव्हतं, हे त्यालाही मान्य होतं.

२०१७मध्ये काकांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागे, म्हणून त्याने वर्षभर दादरच्या एका सीएंच्या ऑफिसात अर्धवेळ काम केलं. आठवड्याला २४ तास. फायरवॉल, बॅकअप आणि सीएंकडे शिकणाऱ्या कुठल्या आर्टिकलला कुठल्या पक्षकाराचं फोल्डर उघडेल याची व्यवस्था, सगळं त्याच्याकडे. सुट्ट्या वजा जाता ५० आठवडे झाले, म्हणजे १,२०० तास. त्यातल्या १,०४० तासांचे सहा महिने धरले आणि वरचे १६० तास सोडून दिले. एवढ्याशा तुकड्यासाठी भांडण्यापेक्षा आकडा स्वच्छ राहिलेला बरा.

तिसरी नोकरी फेब्रुवारी २०१८ ते जानेवारी २०२१. पगार एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा, काम बीकेसीतल्या एका बँकेच्या नेटवर्क टीममध्ये. एकूण ३६ महिने. पहिले दहा महिने तो केबल, स्विचचे पोर्ट आणि शाखांच्या लीज लाइन बघत होता. डिसेंबर २०१८ पासून त्याला फायरवॉल आणि व्हीपीएनच्या टीममध्ये घेतलं. पहिले दहा सोडले आणि २६ धरले. त्या दहांतले काही धरता आले असते, पण त्याने नेमकं काय केलं याचा एकही कागद नव्हता.

त्यानंतर १३ महिने रिकामे गेले. कोविडनंतर त्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण झालं नाही. मार्च २०२२ पासून ऐरोलीला सिक्युरिटी ऑपरेशन सेंटर. ऑक्टोबर २०२३ पर्यंत २० महिने, आणि ते सगळे धरण्यासारखे.

सहा, सव्वीस आणि वीस मिळून ५२. नऊ वर्षं म्हणता म्हणता हाती आले चार वर्षं चार महिने. साठाला आठ कमी, पण सिक्युरिटी प्लसच्या सुटीमुळे ४८ची अट ओलांडून चार शिल्लक. डोमेन तीन झाले: नेटवर्क, ऑपरेशन्स आणि ॲक्सेस. लागतात दोन.

ही वही आजच घालून बसा, परीक्षेचा विचार पुढच्या वर्षीचा असला तरी. प्रत्येक नोकरीसमोर तारखा, आठवड्याचे तास, डोमेन आणि "हे सांगायला कोण आहे" असे चार रकाने पुरेत. चौथा रकाना कोरा राहिला की तिथेच पुढची अडचण आहे हे समजतं.

कागद

हिशेब वहीत बसला म्हणजे झालं नाही. अर्जात प्रत्येक नोकरीची माहिती भरावी लागते आणि काही अर्ज पडताळणीसाठी उचलले जातात. त्या वेळी पुरावा मागतात. तो तेव्हा शोधायला गेलात तर आठवडे जातात, म्हणून आधीच जमवायचा.

आपल्याकडचं अनुभवपत्र बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. "अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सिनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून आमच्याकडे होती, वर्तणूक चांगली, भविष्यासाठी शुभेच्छा." यात काम काय केलं ते कुठे आहे? सिनिअर एक्झिक्युटिव्ह तर मुंबईत विम्याच्या ऑफिसातही असतात आणि डेटा सेंटरमध्येही. तुम्हाला हवं ते पत्र वेगळं. त्यात चार गोष्टी हव्यात: हुद्दा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ आणि अर्धवेळ असेल तर आठवड्याचे तास, आणि प्रत्यक्ष कामाची तीन-चार वाक्यं. कंपनीचं लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ऑफिसचा ईमेल. पत्र इंग्रजीत घ्या.

कामाची वाक्यं तुम्हीच लिहून साहेबांकडे न्या. साहेब वाईट असतात म्हणून नाही. त्यांना संस्थेची भाषा माहीत नसते आणि एचआरकडे एकच ठरलेला नमुना असतो. "सिक्युरिटीचं काम पाहत होता" असं लिहू नका. "फायरवॉलवरच्या बदलांच्या मागण्या तपासणे, मंजुरीनंतर नियम टाकणे, दर तिमाहीला न वापरलेले नियम शोधून काढून टाकणे" असं लिहा. एचआर म्हणालं की आम्ही ठरलेल्या नमुन्याबाहेर जात नाही, तर नमुन्यातलं पत्र घ्या आणि कामाचं वेगळं पत्र ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्याकडून घ्या.

बीकेसी, लोअर परळ, मालाड माइंडस्पेस, ऐरोली, सगळीकडे हजारो मुलं दुसऱ्याच्या पगारावर बँकेत बसतात, त्यांनी हे नीट वाचा. अर्जात नोकरी देणारी कंपनी म्हणून जिच्या पगारावर आहात तिचंच नाव लिहायचं. बँकेचं नाव मालक म्हणून लिहिलंत आणि पडताळणीत तुमचा पीएफ दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर खोटं बोलल्यासारखं दिसतं. "अमुक ग्राहकाच्या जागी नेमणूक" हे कामाच्या वर्णनात येऊ द्या. बँक बहुधा कंत्राटी माणसाला पत्र देत नाही. भावालाही दिलं नाही. तेव्हा पगार देणाऱ्या कंपनीच्या पत्रात नेमणुकीची तारीख आणि जागा लिहून घेतली, आणि बँकेतल्या त्याच्या तेव्हाच्या मॅनेजरांनी फोन आला तर मी सांगेन, असं कबूल केलं. गोपनीयतेचा करार आठवा, पत्रात बँकेच्या यंत्रणांची किंवा उपकरणांची नावं घालायची गरज नाही.

कंपनी बंद झाली असेल किंवा मालक फोन उचलत नसेल तर तारखांचा पुरावा दुसरीकडून मिळतो. पीएफच्या सदस्य पोर्टलवर `View` मधल्या `Service History` मध्ये प्रत्येक आस्थापनेच्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा दिसतात. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नाही, असं फार वेळा आढळतं. मग तुम्ही कागदोपत्री दोन ठिकाणी एकदम कामाला असल्यासारखे दिसता. शेवटचा पीएफ जमा झाल्याला दोन महिने उलटले असतील तर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती तारीख तुम्हाला स्वतः भरता येते. फॉर्म १६ आणि आयकराचा २६एएस यावरूनही कोणत्या तिमाहीत पगार कोणाकडून आला ते कळतं. पण एक लक्षात असू द्या: पीएफ तारखा सांगतो, काम सांगत नाही. कामासाठी माणूसच लागतो.

दादरच्या सीएंकडे पीएफ नव्हता, पगार चेकने मिळे. भावाने बँकेच्या पासबुकातल्या बारा नोंदींवर खूण केली आणि त्यांच्याकडे गेला. ऑफिस आता माटुंग्याला हललं होतं. सीए साहेबांनी त्याला ओळखलं, चहा पाजला, लगेच पत्रही दिलं. पत्रात "पार्ट टाइम बेसिसवर" एवढंच होतं, तास नव्हते. तासांशिवाय १,०४० कुठून मोजणार? पुन्हा गेला. दुसऱ्या पत्रात आठवड्याला २४ तास, ही वेळ आणि कामं लिहून आली. पहिल्या खेपेलाच मजकूर लिहून नेला असता तर एक फेरी वाचली असती.

नावांचं एक वेगळंच दुखणं असतं. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, मधे वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी फक्त आद्याक्षर. पासपोर्टवर एक, पीएफमध्ये दुसरं, अनुभवपत्रावर तिसरं. परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावर आहे अगदी तसंच नाव लिहून करा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात. मुलींसाठी यात आणखी एक गोष्ट. माझी पहिली दोन अनुभवपत्रं माहेरच्या नावाची आहेत, पासपोर्ट सासरच्या नावाचा. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत मी पत्रांसोबतच एका फाइलमध्ये ठेवली होती, म्हणून काही अडलं नाही. राजपत्रात नाव बदलून यायला वेळ लागतो, ते आधी करून घ्या.

परीक्षा आणि नंतरचे नऊ महिने

परीक्षेबद्दल थोडक्यात. ती पिअर्सन व्हीयूईच्या केंद्रावर होते आणि शुल्क ७४९ डॉलर आहे. प्रश्न तुमच्या उत्तरांप्रमाणे बदलत जातात. एप्रिल २०२४ पासून प्रश्न १०० ते १५० आणि वेळ तीन तास. परीक्षेला बसताना अनुभवाचा पुरावा कोणी मागत नाही. तो पास झाल्यानंतर लागतो, आणि पास झाल्या दिवसापासून नऊ महिन्यांत अर्ज पूर्ण करावा लागतो.

या नऊ महिन्यांकडे लोकांचं लक्ष जात नाही. त्या काळात तुम्ही त्याच कामावर असाल तर अनुभवाचे महिने वाढतच असतात आणि अर्ज करायच्या दिवशी जेवढे झाले तेवढे धरले जातात. भावाचा हिशेब पुन्हा बघा. ऑक्टोबर २०२३ अखेर ५२ महिने. सीएंचं पत्र मिळालंच नसतं तर ४६ राहिले असते, अठ्ठेचाळीसला दोन कमी. पण नोव्हेंबर आणि डिसेंबर ऐरोलीत काढले की ४८ पुरे. सिक्युरिटी प्लस नसतं तर? बावन्नचे साठ व्हायला आठ महिने, म्हणजे जून २०२४, आणि मुदत जुलै २०२४ अखेरपर्यंत. तेही जमलं असतं, फक्त मधे नोकरी सुटायला नको होती. म्हणून केवळ एक वर्षाच्या सुटीसाठी दुसरी परीक्षा देण्याआधी कॅलेंडर काढा. कमतरता सात-आठ महिन्यांची असेल आणि नोकरी स्थिर असेल, तर ते पैसे वाचू शकतात. नोकरी डळमळीत असेल तर मात्र सूट हाताशी ठेवा.

कमतरता त्याहून मोठी असेल तरी परीक्षा देता येते. पास झालात की संस्थेचे असोसिएट होता आणि उरलेला अनुभव पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात. या काळात नावापुढे सीआयएसएसपी लावता येत नाही. बायोडेटात "सीआयएसएसपी पास" असं लिहिलेलं मी पाहते तेव्हा त्या मुलासाठी वाईट वाटतं, कारण हेतू खोटा नसतो. पण तेही नियमाविरुद्ध आहे. लिहायचं "असोसिएट ऑफ आयएससी-टू" एवढंच.

दुजोरा देणारा

अर्ज ऑनलाइन भरतात. प्रत्येक नोकरी, तारखा, डोमेन, वरिष्ठांचा संपर्क. मग तुमच्या अनुभवाला दुजोरा देणारी व्यक्ती लागते. ती आयएससी-टूची प्रमाणपत्रधारक हवी आणि तिचं सदस्यत्व चालू हवं. ती तुमची साहेबच असली पाहिजे असं नाही, पण तुमच्या कामाबद्दल खात्रीने सांगू शकणारी हवी.

तुमच्या टीममध्ये कोणी नसेल तर तुमचं काम तपासणाऱ्यांकडे बघा: माहिती सुरक्षा विभागातले अधिकारी, दरवर्षी येणारे ऑडिटर. भावाने बँकेतल्या ज्या अधिकाऱ्यांकडे दर तिमाहीला फायरवॉल नियमांचा आढावा नेला होता, त्यांनाच विचारलं. त्यांनी वही मागून घेतली, पत्रं वाचली, दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला. मी स्वतः दुजोरा देऊ शकले असते, पण नात्यातल्या माणसाने हे करू नये असं मला वाटतं, आणि मी त्याच्यासोबत कधी काम केलेलं नाही. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला पैसे देऊन दुजोरा घेण्याचे प्रकार कानावर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कोणीच ओळखीचं नसेल तर संस्था स्वतः दुजोरा देणारी होते. मग सगळे कागद तिलाच दाखवावे लागतात आणि जमवलेली फाइल तिथे कामी येते.

हे प्रमाणपत्र काय देत नाही

२०२०मध्ये ब्रिटनच्या नारिक या संस्थेने सीआयएसएसपीची पातळी त्यांच्या चौकटीतल्या सातव्या स्तराशी, म्हणजे तिथल्या मास्टर्सच्या स्तराशी, तुलना करण्याजोगी ठरवली. त्यावरून "सीआयएसएसपी म्हणजे मास्टर्स डिग्री" अशा जाहिराती फिरतात. ती पदवी नाही. स्तराची तुलना वेगळी आणि पदवी वेगळी. सरकारी भरतीत "पदवीधर" लिहिलेल्या रकान्यात हे चालणार नाही. बँकांच्या आणि सरकारी टेंडरमध्येही माणसांच्या पात्रतेत अनेकदा पदवी आणि प्रमाणपत्र दोन्ही मागतात. तिथे पुरवठादार कंपनी तुमचं नाव देऊ शकत नाही, तुमच्यात कमी आहे म्हणून नव्हे, रकाना भरत नाही म्हणून. ज्या जागेसाठी धडपड करता आहात तिथे पदवीची अट आहे का, हे आधी एचआरला लेखी विचारा. भावाच्या जागेला "पदवी किंवा समकक्ष अनुभव" असं होतं, म्हणून तो पुढे गेला.

प्रकल्प व्यवस्थापनाकडे वळणाऱ्यांसाठी पीएमपी या प्रमाणपत्राचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, बारावी किंवा डिप्लोमा असेल तर ६० महिन्यांचा, आणि दोन्ही बाबतीत ३५ तासांचं प्रशिक्षण. एकाच महिन्यात दोन प्रकल्प चालवले तरी तो महिना एकदाच मोजतात. वही तशीच घालायची, फक्त रकान्यात डोमेनऐवजी प्रकल्प.

भाऊ पहिल्या प्रयत्नात पास झाला. अर्ज नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला, मंजुरी डिसेंबरच्या अखेरीस आली. मंजुरीच्या ईमेलनंतर वार्षिक शुल्क भरावं लागतं, ते भरल्यावरच प्रमाणपत्र सुरू होतं. हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे चार दिवस तो पोर्टल उघडून वाट बघत बसला होता. पुढे दर तीन वर्षांच्या फेऱ्यात १२० श्रेयांक जमवावे लागतात: प्रशिक्षण, व्याख्यानं, लेखन वगैरे. त्यासाठी त्याने त्याच वहीच्या मागच्या पानांवर नवे रकाने आखले आहेत: तारीख, कार्यक्रम, तास, पुरावा कुठे ठेवला.